NaBH₄ की LiAlH₄ : एकाच रेणूत किटोन आणि एस्टर दोन्ही असतील तर उत्तर कसं लिहायचं?

मृण्मयी_शाहूपुरी

नमस्कार. मी बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे, केमिस्ट्री. सरावपरीक्षेत सात मार्कांचा प्रश्न होता: "कार्बोनिल संयुगांच्या रिडक्शनसाठी सोडियम बोरोहायड्राइड आणि लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड यांची तुलना करा. योग्य उदाहरण द्या." मुख्य परीक्षेलाही असाच काहीतरी येईल असं सगळे म्हणतात.

माझ्या वहीत उत्तर म्हणून एक तक्ता आहे. डावीकडे NaBH₄, उजवीकडे LiAlH₄. सौम्य / तीव्र. ॲल्डिहाइड-किटोन / सगळं. मिथेनॉल / कोरडा ईथर. उदाहरण इथाइल ॲसिटोॲसिटेटचं: एकाने इथाइल ३-हायड्रॉक्सीब्युटेनोएट, दुसऱ्याने ब्युटेन-१,३-डायॉल. एवढं लिहिलं की अर्धं पान होतं आणि पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. सात मार्कांसाठी यात काय कमी आहे? आणि "सौम्य-तीव्र" हे कारण म्हणून चालतं का?

---

पन्हाळा_रायडर

अगं एवढं टेन्शन कशाला. मी एम.एस्सी. पहिल्या वर्षाला हाय, हे आम्ही लई वेळा केलंय. कारण एकच. ॲल्युमिनियम बोरॉनपेक्षा मोठा आणि कमी विद्युतऋण, त्यामुळं Al–H बंध जास्त ध्रुवीय आणि ढिला. हायड्राइड पटकन सुटतो. म्हणून LiAlH₄ तीव्र. NaBH₄ एस्टरला कधीच हात लावत न्हाई, LiAlH₄ सगळ्यांना लावतं. एवढं लिही, सहा मार्क कुठं जात न्हाईत.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मृण्मयी, मी महाविद्यालयात ऑरगॅनिक शिकवत होते, आता निवृत्त आहे. पेपर पुष्कळ तपासले, म्हणून परीक्षकाच्या बाजूने सांगते.

तक्ता वाईट नाही, पण तक्त्यावरून तुला समजलंय की पाठ आहे ते कळत नाही. "सौम्य" हा शब्द कारण नव्हे, निरीक्षण आहे. एक सौम्य आहे म्हणजे नेमकं कुठे थांबतं आणि का थांबतं, हे आलं की उत्तर उभं राहतं. पन्हाळ्याच्या मुलाने ध्रुवीयतेचं लिहिलंय ते बरोबर आहे, ते घे. विद्युतऋणतेचे आकडे दिलेस तर अधिक चांगलं: हायड्रोजन २.२, बोरॉन २.०, ॲल्युमिनियम १.६. हायड्रोजन आणि त्या मूलद्रव्यामधला फरक ॲल्युमिनियमच्या बाबतीत मोठा आहे हे एका ओळीत दिसतं.

आणि मी वही उघडली की आधी बाणावर काय लिहिलंय ते बघायचे. अर्धी मुलं बाणावर `LiAlH4, H2O` असं एकत्र लिहितात. त्याचा अर्थ दोन्ही एकाच वेळी फ्लास्कमध्ये घातले. तसं केलं तर रिडक्शन होण्याआधी पाणीच हायड्राइड खाऊन टाकेल. `1) LiAlH4, कोरडा ईथर` आणि त्याखाली `2) H2O` असे दोन आकडे घालून लिहायचं. NaBH₄ ला मात्र मिथेनॉल बाणावर सोबतच येतं, तिथे आकडे नकोत. फक्त या एका गोष्टीवरून मला विद्यार्थ्याची समज कळायची.

---

इचलकरंजीकर

मध्येच विचारतो, चूक असेल तर सांगा. माझं डाइंगचं काम आहे. आमच्याकडे व्हॅट डाय चढवताना कॉस्टिक आणि हायड्रो टाकून रंग रिड्यूस करतात, मग तो पाण्यात विरघळतो, सुतात जातो आणि हवा लागली की परत पक्का होतो. या रंगातपण कार्बोनिलच असतात असं आमचा लॅबवाला म्हणतो. मग तिथं ही दोन औषधं का वापरत नाहीत? LiAlH₄ जास्त तीव्र असेल तर रंग लवकर रिड्यूस होईल ना?

---

लोटे_ते_कोल्हापूर

इचलकरंजीकर, तुमचा लॅबवाला बरोबर सांगतोय, व्हॅट रंगात कार्बोनिल असतात. पण तुमचं सगळं काम पाण्यात चालतं. LiAlH₄ पाण्यात टाकलं तर रंगापर्यंत पोचण्याआधीच भडका उडेल, त्यामुळे तो विचारसुद्धा करू नका. तुमचा हायड्रो म्हणजे सोडियम डायथायोनाइट, तो इलेक्ट्रॉन देऊन रिड्यूस करतो, हायड्राइड देऊन नव्हे. शिवाय तुम्हाला हवेने परत मूळ रंग मिळवायचा असतो. मृण्मयीच्या प्रश्नातलं अल्कोहोल नुसत्या हवेने परत किटोन होत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत.

आता मृण्मयीसाठी. मी लोट्याच्या एमआयडीसीत बरीच वर्षं प्रोसेस केमिस्ट होतो, ही दोन्ही रसायनं हाताळली आहेत. मॅडमनी बाणाचं सांगितलं ते अगदी महत्त्वाचं. मला तुझं उदाहरण बदलावंसं वाटतं.

इथाइल ॲसिटोॲसिटेट पुस्तकात सोयीचं दिसतं, पण LiAlH₄ साठी ते नीट उदाहरण नाही. दोन कार्बोनिलांच्या मधल्या CH₂ चे प्रोटॉन आम्लधर्मी असतात. हायड्राइड कार्बोनिलवर जाण्याऐवजी आधी तो प्रोटॉन उचलतो, हायड्रोजन वायू निघतो आणि इनोलेट बनतो. इनोलेटवर पुढचं रिडक्शन सरळ होत नाही. हाती ब्युटेन-१,३-डायॉल येतो, पण कमी येतो आणि सोबत असंपृक्त अल्कोहोलांची खिचडी येते. पेपरात तो डायॉल लिहिलास तर मार्क मिळतील, पण पर्याय तुझ्या हातात असताना स्वच्छ रेणू निवड.

मी मिथाइल ४-ॲसिटाइलबेंझोएट घेईन. बेंझिनच्या एका टोकाला किटोन, समोरच्या टोकाला एस्टर. दोघांच्या मध्ये वलय असल्यामुळे एकमेकांच्या पायात येत नाहीत.

```
CH3CO-C6H4-COOCH3  --NaBH4, CH3OH, 0 °C-->  CH3CH(OH)-C6H4-COOCH3

CH3CO-C6H4-COOCH3  --1) LiAlH4, dry ether  2) H2O-->  CH3CH(OH)-C6H4-CH2OH
```

या दोन ओळींत तुझा निम्मा तक्ता आला. आता "का" लिहायचं.

किटोनच्या कार्बनवर हायड्राइड गेला की ऑक्सिजनवर ऋणभार येतो आणि तिथून बाहेर पडण्यासारखा कुठलाच गट नसतो. त्यामुळे एक हायड्राइड, एक अल्कोहोल, काम संपलं. एस्टरचं तसं नाही. एस्टरमधल्या मेथॉक्सीच्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनजोडी कार्बोनिलकडे झुकलेली असते, त्यामुळे तो कार्बन किटोनच्या कार्बनइतका इलेक्ट्रॉनांचा भुकेला नसतो. NaBH₄ चा हायड्राइड इथे कमी पडतो. LiAlH₄ चा पोचतो, मेथॉक्साइड बाहेर पडतो आणि ॲल्डिहाइड तयार होतं. हे ॲल्डिहाइड मूळ एस्टरपेक्षा जास्त क्रियाशील असतं, म्हणून ते फ्लास्कमध्ये टिकत नाही, लगेच दुसरा हायड्राइड घेतं. म्हणून एस्टरला दोन हायड्राइड लागतात आणि ॲल्डिहाइडवर थांबता येत नाही. हे वाक्य उत्तरात हवंच.

---

मृण्मयी_शाहूपुरी

सर, हे पहिल्यांदा नीट कळलं. दोन शंका आहेत. हायड्राइडचा हिशेब मोलमध्ये कसा मांडायचा? दोन्हींच्या सूत्रात चार H आहेत, मग एक मोल चार मोल किटोनला पुरतो असं लिहू का? आणि NaBH₄ मिथेनॉलमध्ये का टिकतं, LiAlH₄ का टिकत नाही?

---

लोटे_ते_कोल्हापूर

हिशेब कागदावर तसाच. वर घेतलेल्या एस्टर-किटोनचा रेणुभार १७८ आहे, म्हणजे १.७८ ग्रॅम घेतले तर १० मिलिमोल. NaBH₄ ने फक्त किटोन करायचा आहे, एक हायड्राइड पुरे, म्हणून २.५ मिलिमोल, साधारण ०.०९५ ग्रॅम. प्रत्यक्षात आम्ही दुपटीच्या आसपास, ०.१९ ग्रॅम घेऊ, कारण थोडं मिथेनॉलसोबत वाया जातं. LiAlH₄ ने किटोनला एक आणि एस्टरला दोन, म्हणजे तीन हायड्राइड. १० मिलिमोलला ७.५ मिलिमोल, ०.२८५ ग्रॅम. प्रत्यक्षात १० मिलिमोल, ०.३८ ग्रॅम. दोघांचे रेणुभार जवळजवळ सारखे आहेत, ३८ च्या आसपास, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.

एक गोष्ट बघ. कागदावर चारही हायड्राइड सारखे दिसतात, पण पहिला गेल्यावर बोरॉनला किंवा ॲल्युमिनियमला अल्कॉक्सी गट लागतो आणि उरलेल्यांचा स्वभाव बदलतो. LiAlH₄ मध्ये प्रत्येक अल्कॉक्सीबरोबर उरलेले हायड्राइड मंदावतात. म्हणून नेमका हिशेब करून टाकलं तर शेवटचा थोडा माल रिड्यूस व्हायचा राहतो. टीएलसीवर मूळ ठिपका पुसटसा दिसत राहिला की समजायचं हायड्राइड संपलाय.

मिथेनॉलचं: बोरोहायड्राइडही मिथेनॉलशी क्रिया करतं, बारीक बुडबुडे येताना दिसतात. पण थंडीत ही क्रिया किटोनच्या रिडक्शनपेक्षा मंद असते. शर्यतीत किटोन जिंकतो. इथेनॉलमध्ये अजून मंद, आयसोप्रोपॅनॉलमध्ये त्याहून मंद. LiAlH₄ च्या बाबतीत ही शर्यत होतच नाही, OH दिसला की हायड्राइड तिकडेच जातो. एक ग्रॅम LiAlH₄ पाण्याने पूर्ण विघटित झालं तर अडीच लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो, आणि उष्णता इतकी की ईथरसकट पेटू शकतं.

जुलैत कोल्हापुरात हवेत किती दमटपणा असतो ते तुला ठाऊक आहे. त्या दिवसांत LiAlH₄ ची बाटली उघडी ठेवली तर भुकटी करडी-पांढरी पडते आणि वजन करून घेतलेल्यातलं बरंचसं मेलेलं निघतं. नायट्रोजनखाली उघडायची, पटकन बंद करायची.

---

पन्हाळा_रायडर

सर, पण मूळ मुद्दा Al–H बंधाचाच हाय ना? बाकी सगळं त्यातनंच येतंय. मग उत्तरात तेवढंच पुरं की.

---

लोटे_ते_कोल्हापूर

पुरत नाही, भावा. तुझा मुद्दा खरा आहे, पण तो पूर्ण नाही. पटवायला एक रसायन सांगतो: लिथियम बोरोहायड्राइड. त्यात ऋण आयन तोच, BH₄⁻. बंध तोच, B–H. बदललं काय, तर सोडियमच्या जागी लिथियम. आणि हे LiBH₄ ईथर किंवा टीएचएफमध्ये एस्टरला रिड्यूस करतं. फक्त बंधाचाच प्रश्न असता तर हे झालं नसतं.

लिथियमचा आयन लहान असतो, त्यामुळे त्याचा भार एकवटलेला असतो. तो कार्बोनिलच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणजे कार्बन आणखी उघडा पडतो. सोडियम हे काम इतकं चांगलं करत नाही, आणि मिथेनॉलमध्ये तर त्याच्याभोवती सॉल्व्हंटचाच घोळका असतो. उलट बाजूनेही हे तपासलेलं आहे. LiAlH₄ च्या द्रावणात लिथियमला कोंडून ठेवणारा क्रिप्टँड घातला की किटोनचं रिडक्शनसुद्धा एकदम थंडावतं. AlH₄⁻ तिथेच असतो, तरी.

म्हणून मृण्मयी, कारण लिहिताना दोन वाक्यं लिही: Al–H बंध B–H पेक्षा ध्रुवीय, आणि Li⁺ कार्बोनिलला सक्रिय करतो. दुसरं वाक्य फार कमी जण लिहितात.

"कधीच" बद्दलही सांगतो. ० अंशाला अर्धा तास NaBH₄ आणि मिथेनॉल ठेवलं तर एस्टर तसाच राहतो. पण NaBH₄ भरपूर जास्त घेऊन, टीएचएफमध्ये रिफ्लक्सवर ठेवून मिथेनॉल थेंबथेंब सोडलं तर एस्टर जातो. आम्ही LiAlH₄ टाळायला मुद्दाम ही पद्धत वापरायचो. मोठ्या रिॲक्टरमध्ये LiAlH₄ कुणालाच नको असतं. त्यामुळे "कधीच" ऐवजी "सामान्य परिस्थितीत नाही" असं लिही.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. बी.एस्सी.च्या उत्तरपत्रिकेत "NaBH₄ एस्टरला रिड्यूस करत नाही" हेच सरळ वाक्य अपेक्षित असतं. "सामान्य परिस्थितीत" हे दोन शब्द जोडायला हरकत नाही, मी त्यावर खूश झाले असते. पण त्यापुढे टीएचएफ, रिफ्लक्स वगैरे लिहायला लागलं तर घाईत तपासणारा परीक्षक गोंधळेल आणि त्याला वाटेल की मुलीला निवडकपणाच कळलेला नाही. तुलनेच्या उत्तरात मुख्य फरक ठळक राहायला हवा.

---

लोटे_ते_कोल्हापूर

मॅडम, तुमचा तपासणीचा अनुभव मोठा आहे. तरी मला ते पटत नाही. पुढे हीच मुलं कारखान्यात येतात आणि एस्टर असलेल्या मालात NaBH₄ जास्त टाकून रात्रभर गरम ठेवतात, कारण "करत नाही" असं शिकलेलं असतं. सकाळी माल अशुद्ध निघतो. दोन शब्द तरी आग्रहाने लिहावेत असं मला वाटतं.

---

आई_कसबा_बावडा

माझी मुलगी १२वीला आहे. तिच्या पुस्तकात ही दोन्ही नावं आहेत म्हणून हा धागा उघडला. तिलाही लिथियम आयन, क्रिप्टँड हे सगळं लागतं का? ती आधीच घाबरली आहे.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नाही ताई, तिला यातलं काही लागत नाही. ॲल्डिहाइड, किटोन यांचं दोन्ही रसायनांनी अल्कोहोल होतं, आम्ल आणि एस्टरला LiAlH₄ लागतं, आणि LiAlH₄ नंतर पाणी किंवा विरल आम्ल वेगळ्या पायरीत लिहायचं. १२वीला एवढं पुरेसं आहे. हा धागा तिला दाखवू नका.

---

कळंबा_तलाव

मी मृण्मयीच्याच वर्गात आहे. आम्हाला प्रॅक्टिकलला NaBH₄ ने किटोन रिड्यूस करायला दिला होता. झाल्यावर आम्ही आयोडोफॉर्म टेस्ट केली, पिवळा साका आला. आमच्या गटाने लिहिलं की रिडक्शन झालंच नाही. शेजारच्या गटाने २,४-डीएनपी केली, त्यांना काही आलं नाही, त्यांनी लिहिलं झालं. माल एकाच फ्लास्कमधला. खरं कुणाचं? किटोन ॲसिटोफिनोन होता.

---

लोटे_ते_कोल्हापूर

शेजारच्या गटाचं खरं. ॲसिटोफिनोनमध्ये CO ला लागून CH₃ आहे, तो आयोडोफॉर्म देतो. रिडक्शननंतर १-फिनाइलइथेनॉल तयार होतं, त्यात CH(OH) ला लागून CH₃ आहे. आयोडीन आणि अल्कली त्याचं आधी ऑक्सिडेशन करून परत ॲसिटोफिनोन बनवतात आणि मग आयोडोफॉर्म देतात. म्हणजे ही टेस्ट आधीही होकारार्थी, नंतरही होकारार्थी. रिडक्शन झालं की नाही हे तिच्यावरून कळूच शकत नाही. २,४-डीएनपी फक्त ॲल्डिहाइड-किटोनला नारिंगी साका देते, म्हणून ती बरोबर.

पण वरच्या मिथाइल ४-ॲसिटाइलबेंझोएटच्या उदाहरणात डीएनपीही अपुरी पडते, हे मृण्मयीने बघावं. NaBH₄ च्या मालातही किटोन नाही आणि LiAlH₄ च्या मालातही नाही. दोन्हीकडे साका येणार नाही, कारण एस्टर डीएनपीला दाद देत नाही. तिथे आयआर लागतो. सुरुवातीच्या रेणूत किटोनचा पट्टा १६८५ च्या आसपास आणि एस्टरचा १७२० च्या आसपास, दोन्ही दिसतात. NaBH₄ नंतर १६८५ चा जातो, १७२० चा राहतो, आणि ३४०० जवळ OH चा रुंद पट्टा उगवतो. LiAlH₄ नंतर कार्बोनिलचे दोन्ही जातात, फक्त OH उरतो. तुलनेच्या उत्तराच्या शेवटी हे तीन ओळींत आलं तर उदाहरण पूर्ण होतं.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

आयआरचा मुद्दा फार चांगला. हे कुणी लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं.

---

मृण्मयी_शाहूपुरी

लिहून घेतलं. आता उलटा प्रश्न. मला किटोन तसाच ठेवायचा आहे आणि फक्त एस्टर रिड्यूस करायचा आहे. LiAlH₄ तर दोन्ही खाणार, NaBH₄ आधी किटोनच खाणार. हा उपप्रश्न म्हणून विचारतात का?

---

पन्हाळा_रायडर

विचारतात, हमखास. किटोन झाकायचा. इथिलीन ग्लायकॉल आणि पी-टोल्यूइनसल्फोनिक ॲसिड घालून पाणी काढत उकळायचं, किटोनचा कीटल होतो. कीटलला हायड्राइड काय करत न्हाई. मग LiAlH₄ मारायचं, एस्टरचा CH₂OH होतो. शेवटी विरल आम्लानं कीटल सोडवायचा, किटोन परत. म्हणजे मिळालं CH₃CO–C₆H₄–CH₂OH.

---

लोटे_ते_कोल्हापूर

अगदी बरोबर. फक्त पायऱ्यांना तीन आकडे घाल: कीटल, मग LiAlH₄ आणि पाणी, मग आम्ल. कीटल हायड्राइडला आणि अल्कलीला टिकतो, आम्लाला टिकत नाही. या एका फरकावर ही सगळी युक्ती उभी आहे, तो शब्दांत लिही.

---

कळंबा_तलाव

LiAlH₄ चं वर्कअप कसं करतात ते कुणी सांगेल का? आम्हाला कधी हात लावू दिला नाही, पण तोंडीला विचारतात.

---

लोटे_ते_कोल्हापूर

हात लावू दिला नाही हे योग्यच केलं. पद्धत सांगतो. क्रिया झाल्यावर फ्लास्क बर्फात, ईथर आणखी घालून पातळ करायचं, ढवळणं चालू, नायट्रोजन चालू. मग जितके ग्रॅम LiAlH₄ घेतलं होतं तितके मिलिलिटर पाणी, थेंबथेंब. पहिल्या काही थेंबांना जोरात वायू निघतो, तिथे अजिबात घाई नको. पुढे तितकेच मिलिलिटर १५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. शेवटी त्याच्या तिप्पट पाणी. म्हणजे एका ग्रॅमला १, १ आणि ३ मिलिलिटर. या क्रमाने गेलं तर ॲल्युमिनियमचे क्षार पांढरे, रवाळ होऊन खाली बसतात आणि गाळणी सहज होते.

क्रम सोडून भसकन पाणी ओतलं तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट लगदा होतो. तो गाळला जात नाही, आणि तुमचं अल्कोहोल त्यातच अडकून बसतं. टीएलसीवर क्रिया पूर्ण दिसते आणि हातात निम्मा माल येतो, तेव्हा बहुतेक वेळा तो या लगद्यात असतो. जवळ कोरड्या वाळूची बादली असलीच पाहिजे. LiAlH₄ च्या आगीवर पाणी चालत नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही चालत नाही.

NaBH₄ चं काम तुलनेने सोपं. थंड करून पाणी किंवा विरल आम्ल हळूहळू घालायचं, बुडबुडे थांबले की मिथेनॉल उडवायचं आणि ईथरने किंवा इथाइल ॲसिटेटने माल काढायचा. आम्ल एकदम घातलं तर तिथेही फेसाने फ्लास्क उतू जातो.

---

मृण्मयी_शाहूपुरी

उत्तराचा आराखडा बदलला. तक्ता काढून टाकला. आधी मिथाइल ४-ॲसिटाइलबेंझोएटच्या दोन ओळी, मग किटोन एका हायड्राइडवर का थांबतो आणि एस्टर दोन का घेतो, मग Al–H आणि Li⁺ ची दोन वाक्यं, सॉल्व्हंट का वेगळा, शेवटी आयआर. "सामान्य परिस्थितीत" एवढंच लिहिते, टीएचएफचं लिहीत नाही. दीड पान होतंय.

एक राहिलं. सिनामाल्डिहाइड. NaBH₄ ने सिनामिल अल्कोहोल, हे सगळीकडे सारखं आहे. पण LiAlH₄ ने एका वहीत सिनामिल अल्कोहोल आहे आणि दुसऱ्या वहीत हायड्रोसिनामिल अल्कोहोल, म्हणजे दुहेरी बंधही गेलेला. LiAlH₄ दुहेरी बंधाला रिड्यूस करत नाही ना?

---

पन्हाळा_रायडर

करत न्हाई. C=C ला दोन्हीपैकी कुणीच हात लावत न्हाई. दुसरी वही चुकली.

---

लोटे_ते_कोल्हापूर

चुकली म्हणता येत नाही. एकटा C=C असेल तर LiAlH₄ त्याला सोडून देतं, हे खरं. पण सिनामाल्डिहाइडमध्ये तो बंध एका बाजूने कार्बोनिलशी आणि दुसऱ्या बाजूने फिनाइलशी जोडलेला आहे. आधी ॲल्डिहाइड रिड्यूस होऊन ऑक्सिजनवर ॲल्युमिनियम बसतं. LiAlH₄ जास्त असेल आणि गरम असेल तर तेच ॲल्युमिनियम जवळच्या दुहेरी बंधाला हायड्राइड देतं. फिनाइलमुळे तयार होणारा ऋणभार सांभाळला जातो, म्हणून हे घडतं. पाणी घातलं की हायड्रोसिनामिल अल्कोहोल. उलट, थंडीत, LiAlH₄ चं मोजकं द्रावण सिनामाल्डिहाइडमध्ये थेंबथेंब सोडलं तर सिनामिल अल्कोहोलवर थांबता येतं. कशात काय ओतलं यावर उत्पादन ठरतं.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मी पाहिलेल्या उत्तरसूचींत बहुतेक वेळा सिनामिल अल्कोहोल असायचं. एकदा मॉडरेशनच्या बैठकीत यावर वादही झाला होता. मृण्मयी, तू बाणावर तापमान आणि जास्त की मोजकं ते लिही, मग त्यानुसार उत्पादन लिही. तपासणाऱ्याला तुझं उत्तर पडताळता येईल.

---

मृण्मयी_शाहूपुरी

पण प्रश्नातच बाणावर फक्त LiAlH₄ छापलेलं असेल आणि "उत्पादन लिहा" एवढंच असेल तर, मॅडम?

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

तर सिनामिल अल्कोहोल लिही आणि बाजूला एका ओळीत टीप दे की जास्त LiAlH₄ आणि उष्णता असेल तर दुहेरी बंधही जातो. मी असते तर पूर्ण मार्क दिले असते. दुसरा परीक्षक काय करेल ते मला सांगता येणार नाही.